हेवी डिपॉझिट की जास्त भाडे?

मुंबई, ठाणे आणि आसपासच्या शहरांत भाड्याचा फ्लॅट शोधणाऱ्यापुढे एजंट बहुधा दोन प्रकारचे पर्याय ठेवतो. एका फ्लॅटचे डिपॉझिट दोन-चार महिन्यांच्या भाड्याइतके असते आणि भाडे बाजारभावाने असते. दुसऱ्याचे डिपॉझिट काही लाखांचे, पण भाडे बरेच कमी असते. कधी भाडे नावापुरतेच उरते. या दुसऱ्या प्रकाराला बोलीभाषेत ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात. जुन्या चाळींतली पागडी आणि हे डिपॉझिट यांत मूळ फरक आहे. पागडी दिल्यावर दीर्घकाळाचा भाडेहक्क मिळतो. हेवी डिपॉझिटमध्ये असा कोणताच हक्क मिळत नाही. मुदत संपली की घर सोडायचे आणि रक्कम परत घ्यायची, एवढाच तो व्यवहार असतो.

रक्कम परत मिळणार असल्यामुळे ती खर्चात धरायची नाही आणि भाडे कमी म्हणून घर स्वस्त, असा समज सहज होतो. मात्र मालकाकडे ठेवलेले जादा डिपॉझिट म्हणजे भाडेकरूने त्याला दिलेले कर्ज असते आणि भाड्यातली सूट हे त्या कर्जावरचे व्याज असते. दोन फ्लॅटची तुलना करायची तर या व्याजाचा दर किती पडतो आणि मुद्दल किती सुरक्षित आहे, हे दोन प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागतात.

व्याजाचा दर काढणे

ठाण्यातल्या एका सोसायटीत सारखेच दोन वन बीएचके फ्लॅट रिकामे आहेत असे धरू. पहिल्याचे डिपॉझिट १० लाख आणि भाडे महिना १६,००० रुपये. दुसऱ्याचे डिपॉझिट १ लाख आणि भाडे २२,००० रुपये. एक लाख दोन्हीकडे द्यायचेच आहेत, म्हणून ते हिशेबातून वगळायचे. जादा गुंतणारी रक्कम ९ लाख आणि त्याबद्दल वाचणारे भाडे महिना ६,००० म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये. नऊ लाखांवर बहात्तर हजार म्हणजे वर्षाला ८ टक्के.

हाच हिशेब तोंडी करता येतो. एक लाख जादा डिपॉझिटमागे महिन्याचे भाडे ५०० रुपयांनी कमी होत असेल तर व्याजदर ६ टक्के पडतो, ७५० रुपयांनी होत असेल तर ९ टक्के आणि १,००० रुपयांनी होत असेल तर १२ टक्के. ‘पाच लाख जास्त द्या, भाडे दोन हजारांनी कमी करतो’ असे एजंट म्हणाला, तर ती लाखामागे ४०० रुपयांची, म्हणजे ४.८ टक्क्यांची सूट झाली, हे तिथल्या तिथे कळते. चांगल्या बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा सूट कमी असेल तर पुढचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

उदाहरणातल्या ८ टक्क्यांची तुलना कशाशी करायची, हे ते नऊ लाख कुठून येणार यावर अवलंबून आहे. ते मुदत ठेवीत असतील आणि ठेवीवर ७ टक्के मिळत असतील, तर वर्षाला ६३,००० रुपयांचे व्याज बुडते आणि ७२,००० रुपयांचे भाडे वाचते. फायदा ९,००० रुपयांचा. पण डिपॉझिटसाठी १३ टक्के दराने वैयक्तिक कर्ज काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच लाखाच्या घरात जाते. बहात्तर हजारांच्या सुटीसाठी त्याहून जास्त व्याज भरणे हा उघड तोटा आहे. सोने गहाण ठेवून किंवा क्रेडिट कार्डावर रक्कम उभी करतानाही हीच तपासणी लागू पडते: सुटीचा दर कर्जाच्या दरापेक्षा कमी असेल तर हेवी डिपॉझिट परवडत नाही.

प्राप्तिकराचा परिणाम

ठेवीवरचे व्याज हे उत्पन्न असते आणि त्यावर कर लागतो. वाचलेले भाडे उत्पन्न नसते, म्हणून त्यावर कर लागत नाही. हेवी डिपॉझिटची ही बाजू खरोखर जमेची आहे. ज्याच्या उत्पन्नावर २० टक्के दराने कर लागतो त्याला उपकर धरून २०.८ टक्के भरावे लागतात. ६३,००० रुपयांच्या व्याजावर सुमारे १३,१०० रुपये कर गेला की हातात ४९,९०० रुपये उरतात. भाड्याची बचत मात्र पूर्ण ७२,००० रुपयांची आहे. त्यामुळे या माणसाला पहिला फ्लॅट वर्षाला सुमारे २२,००० रुपयांनी फायद्याचा ठरतो. ज्याला कर भरावाच लागत नाही त्याचा फायदा वर काढल्याप्रमाणे ९,००० रुपयांवरच थांबतो.

जुन्या करपद्धतीत राहून घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराचे चित्र वेगळे असते. मिळालेला भत्ता, मूळ पगाराचा ठरावीक हिस्सा आणि भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम, या तिन्हींतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त असते. मूळ पगार ६०,००० आणि भत्ता २४,००० रुपये असेल, तर २२,००० भाड्यावर महिना १६,००० रुपये करमुक्त होतात. भाडे १६,००० असेल तर फक्त १०,००० होतात. म्हणजे कमी भाड्याचा फ्लॅट घेतल्याने वर्षाला ७२,००० रुपयांची सवलत हातची जाते आणि २०.८ टक्के दराने सुमारे १५,००० रुपये जादा कर भरावा लागतो. बचत ५७,००० रुपयांवर येते. ठेवीचे करोत्तर व्याज ४९,९०० रुपये वजा केल्यावर फायदा जेमतेम ७,००० रुपयांचा राहतो. नव्या करपद्धतीत ही सवलतच नसल्यामुळे तिथे हा फरक पडत नाही.

एकाच फ्लॅटचा फायदा एका कुटुंबाला वर्षाला बावीस हजार, दुसऱ्याला नऊ हजार आणि तिसऱ्याला सात हजार असा निघतो. शेजाऱ्याला परवडले म्हणून आपल्यालाही परवडेल, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

मुद्दलाची सुरक्षितता

बँकेतली ठेव आणि मालकाकडचे डिपॉझिट यांची तुलना फक्त दरावर करणे अपुरे आहे. बँक बुडाली तरी ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. मालकाकडच्या डिपॉझिटला कोणतेही संरक्षण नसते. फायदा वर्षाला ९,००० रुपयांचा असेल, तर तो गुंतलेल्या ९ लाखांच्या एक टक्का आहे. अशा व्यवहारांत वर्षाला शंभरातल्या एकाचे जरी डिपॉझिट बुडाले, तरी उरलेल्या नव्याण्णव जणांचा एकत्रित फायदा त्यात संपतो. ठेवीपेक्षा मिळणारा जास्तीचा दर हा या जोखमीचा मोबदला असतो. तो पुरेसा आहे का, हे समोरच्या मालकाकडे पाहून ठरवावे लागते.

मालक डिपॉझिट का मागतो, हे त्यासाठी समजून घ्यावे लागते. घराचे नुकसान किंवा थकलेले भाडे भरून काढण्यासाठी दोन-चार महिन्यांचे डिपॉझिट पुरते. दहा लाख मागणाऱ्याला रोख रकमेची गरज असते. कुणाला गृहकर्ज फेडायचे असते, कुणाला धंद्यात भांडवल हवे असते, कुणाला दुसरे घर घ्यायचे असते. ८ टक्क्यांनी आणि तारणाशिवाय पैसे देणारी बँक सहसा मिळत नाही, भाडेकरू मिळतो. मिळालेले पैसे मालक बाजूला काढून ठेवत नाही, वापरतो. त्यामुळे परतफेड बहुतेक वेळा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून होते. पुढचा भाडेकरू वेळेत मिळाला नाही किंवा दरम्यान भाव उतरले, तर मालकाची नियत चांगली असूनही पैसे अडकतात.

दक्षिण कोरियात ही पद्धत देशभर रुळलेली आहे. तिथल्या ‘जॉन्से’ प्रकारात भाडेकरू घराच्या किमतीचा मोठा हिस्सा डिपॉझिट म्हणून देतो, साधारणपणे दोन वर्षे राहतो आणि मासिक भाडे देत नाही. नव्या पत्त्याची सरकारी नोंद करून आणि करारावर अधिकृत तारखेचा शिक्का घेऊन भाडेकरूला घराच्या विक्रीतून आलेल्या रकमेवर त्याच्या क्रमाने अग्रहक्क मिळवता येतो. डिपॉझिटच्या परतफेडीची हमी देणारा विमाही तिथे आहे. इतके असूनही २०२२ नंतर घरांचे भाव उतरले तेव्हा हजारो मालकांना डिपॉझिट परत करता आले नाही, फसवणुकीची मोठी प्रकरणे उघड झाली आणि २०२३ मध्ये तिथल्या संसदेला पीडितांसाठी विशेष कायदा करावा लागला. महाराष्ट्रातल्या भाडेकरूकडे ना तो अग्रहक्क आहे ना तो विमा.

महाराष्ट्रात असे फ्लॅट बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जातात. कायद्याच्या भाषेत राहणारा भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याला घर वापरण्याची परवानगी मिळते, घरात हितसंबंध मिळत नाही. याचे दोन परिणाम हेवी डिपॉझिट देणाऱ्याच्या मुळावर येतात. मालकाने फ्लॅट विकला तर १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार नवा मालक केवळ खरेदीमुळे जुन्या परवान्याला बांधील होत नाही. त्याने मुदतीआधी घर मागितले, तर डिपॉझिट मात्र जुन्या मालकाकडूनच वसूल करावे लागते. आणि फ्लॅट बँकेकडे तारण असून हप्ते थकले, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेऊन घर विकू शकते. विक्रीच्या पैशातून आधी बँकेचे कर्ज फिटते. भाडेकरूचे स्थान विनातारण देणेकऱ्यांच्या रांगेत असते.

‘पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही’ हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. घर रिकामे करून घेण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद मार्ग उपलब्ध आहे. डिपॉझिट वसूल करण्यासाठी भाडेकरूला सहसा दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

लहान डिपॉझिटमध्ये हा प्रश्न फारसा तीव्र होत नाही. एक लाख रुपये म्हणजे २२,००० रुपये भाड्याचे साडेचार महिने. मालक रक्कम देणार नाही अशी चिन्हे दिसली, तर शेवटच्या काही महिन्यांचे भाडे त्यातून वळते करून घेण्याची तडजोड होऊ शकते. दहा लाख रुपये १६,००० भाड्यात वळते करायचे तर बासष्ट महिने, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. मोठे डिपॉझिट राहून फिटत नाही. ते रोखच परत यावे लागते.

व्यवहारापूर्वीची तपासणी

हेवी डिपॉझिटमध्ये वारंवार आढळणारी फसवणूक एका ठरावीक पद्धतीने चालते. मध्यस्थ मालकाकडून फ्लॅट नेहमीच्या भाड्याने घेतो आणि ‘कंपनीच्या माणसांसाठी हवा आहे’ असे सांगतो. तोच फ्लॅट तो दुसऱ्या कुटुंबाला हेवी डिपॉझिटवर देतो. डिपॉझिट स्वतःकडे ठेवून त्यातूनच तो मालकाला दरमहा भाडे पोचवतो. काही महिने सगळे सुरळीत दिसते. मग भाडे थांबते, मध्यस्थ सापडत नाही आणि मालक दारात येऊन उभा राहतो. त्याने त्या कुटुंबाकडून एक पैसाही घेतलेला नसतो.

ही फसवणूक सुरुवातीलाच ओळखता येते, कारण तीत खरा मालक व्यवहारापासून दूर ठेवलेला असतो. म्हणून पहिले काम मालक कोण हे ठरवण्याचे. फ्लॅटच्या खरेदीखताचा ‘इंडेक्स टू’ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यावरचे नाव, सोसायटीच्या देखभाल बिलावरचे नाव, शेअर सर्टिफिकेटवरचे नाव आणि ज्या बँक खात्यात डिपॉझिट जाणार त्या खात्याचे नाव, ही चारही एकच असावीत. मालक परदेशी आहे आणि कुलमुखत्यार सही करणार आहे असे सांगितले, तर कुलमुखत्यारपत्र पाहावे, मालकाशी थेट बोलावे आणि रक्कम मालकाच्याच खात्यात भरावी.

दुसरी तपासणी कर्जाची. फ्लॅट तारण आहे का, हे मालकाला लेखी विचारावे आणि तारणांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या ‘सरसाई’च्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहावे. कर्ज असणे हा दोष नाही, मुंबई-ठाण्यातले असंख्य फ्लॅट कर्जावरच घेतलेले असतात. पण कर्ज असेल तर किती बाकी आहे, हप्ते नियमित जातात का आणि घर परवान्यावर देण्यास बँकेची संमती आहे का, हे कागदावर पाहिल्याशिवाय दहा लाख देऊ नयेत.

तिसरी गोष्ट कराराची. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. काही मालक करारात डिपॉझिट कमी दाखवून उरलेली रक्कम रोख मागतात आणि ‘स्टॅम्प ड्युटी वाचते’ असे कारण देतात. हे कारण आकड्यांत टिकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या करारावरचे मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. उदाहरणातल्या पहिल्या फ्लॅटच्या अकरा महिन्यांच्या करारात भाडे १,७६,००० आणि डिपॉझिटवरचे मानीव व्याज सुमारे ९१,७०० रुपये धरले, तर शुल्क ६७० रुपयांच्या आसपास येते. दुसऱ्या फ्लॅटचे सुमारे ६३० रुपये होते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये असते आणि ती दोन्हीकडे सारखीच. पूर्ण डिपॉझिट कागदावर आणायला दोन-अडीचशे रुपयेच जास्त लागत असताना मालक ते लपवत असेल, तर त्याचा हेतू वेगळा आहे. शिवाय २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. जी रक्कम करारात नाही आणि बँकेच्या नोंदीतही नाही, ती परत मागताना हातात पुरावा उरत नाही.

करारात डिपॉझिटची पूर्ण रक्कम, ती दिल्याची तारीख आणि बँक व्यवहाराचा क्रमांक असावा. किल्ल्या आणि रक्कम यांची देवाणघेवाण एकाच वेळी होईल, रक्कम अडली तर ती मिळेपर्यंत ताब्याबद्दल कोणतेही शुल्क लागणार नाही आणि उशीर झाल्यास ठरावीक दराने व्याज द्यावे लागेल, ही तीन वाक्ये कलम २४ मधल्या दुप्पट भरपाईच्या धोक्यावर उतारा म्हणून उपयोगी पडतात. घर विकायचे ठरले तर आधी डिपॉझिट परत करण्याची अट घालता येते. काही भाडेकरू मुदत संपण्याच्या दिवसाचा धनादेश मालकाकडून आधीच घेतात. तो न वटल्यास परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करता येते. मात्र धनादेश त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांतच बँकेत भरावा लागतो आणि त्यानंतरच्या नोटिशीच्या मुदतीही काटेकोर असतात.

उशिराची किंमत

डिपॉझिट बुडाले नाही, फक्त तीन महिने उशिरा आले, तरी हिशेब पालटतो. नऊ लाखांवर ७ टक्के दराने तीन महिन्यांचे व्याज १५,७५० रुपये होते. नऊ हजारांचा वार्षिक फायदा एवढ्यानेच पुसला जातो. पुढच्या घराचे डिपॉझिटही याच रकमेतून द्यायचे असेल, तर उसनवारी करावी लागते किंवा मिळालेले घर हातचे जाते. म्हणून ज्या कुटुंबाची सगळी शिल्लक त्या डिपॉझिटमध्येच जाणार आहे किंवा ज्याला वर्षा-दोन वर्षांत स्वतःच्या घराचे डाउन पेमेंट भरायचे आहे, त्याला जास्त भाड्याचा फ्लॅट महाग दिसला तरी सोयीचा असतो. त्याचे पैसे त्याच्याच हातात राहतात. दरवर्षीच्या भाडेवाढीने हे चित्र फारसे बदलत नाही. ५ टक्के वाढ धरली तर २२,००० चे २३,१०० आणि १६,००० चे १६,८०० होतात, म्हणजे महिना ३०० रुपयांचा फरक पडतो.

या दोन टोकांच्या मधला मार्गही असतो. ४ लाख डिपॉझिट आणि २०,००० भाडे असे ठरले, तर तीन लाख जादा रकमेवर सूट ८ टक्केच मिळते, पण धोक्यात असलेली रक्कम एक तृतीयांशावर येते. लाखामागची सूट तीच ठेवून डिपॉझिट कमी करण्याची बोलणी मालकाशी करता येतात. ज्याला खरोखर भाडेकरू हवा असतो तो सहसा त्यावर विचार करतो. ज्याला केवळ एकरकमी पैसा हवा असतो तो अडून बसतो, आणि त्यावरून भाडेकरूला मालकाची गरज ओळखता येते.

उदाहरणातल्या दोन फ्लॅटपुरते बोलायचे तर ज्याचे नऊ लाख खरोखर पडून आहेत, ज्याला व्याजावर २० टक्के किंवा अधिक दराने कर लागतो, जो घरभाडे भत्त्याची सवलत घेत नाही आणि ज्याला कर्जमुक्त फ्लॅटचा खरा मालक नोंदणीकृत करारात पूर्ण रक्कम लिहून देतो, त्याला पहिला फ्लॅट वर्षाला वीस-बावीस हजारांनी स्वस्त पडतो. यांतली एखादी अट सुटली की फायदा सात-नऊ हजारांवर घसरतो किंवा जोखीम वाढते. कर्ज काढून दिलेले किंवा रोखीने दिलेले हेवी डिपॉझिट मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.